परत आलेली बिलं

२०२४ च्या जूनमधला मंगळवार. ठाण्याहून वाशी लोकल पकडली आणि रबाळ्याला उतरले, तेव्हा पाऊस नुकताच लागला होता. छत्री उघडण्याआधी मी पिशवीतला प्लास्टिकचा फोल्डर चाचपून पाहिला. आत तीन कागद होते. माझा सगळा पोर्टफोलिओ म्हणजे ते तीन कागद.

मी व्हर्च्युअल असिस्टंट. नौपाड्यातल्या घरातून लहान कंपन्यांची बिलं, मेल आणि वसुलीचा पाठपुरावा सांभाळते. डिझाइन करणाऱ्या मैत्रिणी लोगो दाखवतात, फोटो काढणारे फोटो दाखवतात. माझं काम नीट झालं की बघण्यासारखं काही उरत नाही. बिल गेलं, पैसे आले, विषय संपला.

आधी माझ्याकडेही चार पानांची रंगीत पीडीएफ होती. त्यात 'मेल व्यवस्थापन', 'कॅलेंडर व्यवस्थापन' अशी चित्रं, मला येणाऱ्या सॉफ्टवेअरांची नावं आणि दोघांचे कौतुकाचे शब्द. एप्रिलमध्ये वाशीच्या एका गृहस्थांनी ती मोबाइलवर भराभर वर सरकवली आणि विचारलं, "हे सगळं येतं, कळलं. पण केलंय काय?" मला धड उत्तर देता आलं नाही. परतीच्या गाडीत दहा उत्तरं सुचली, ती काय कामाची!

त्या रात्री ठरवलं की सगळी कामं मांडायची नाहीत. एकच घ्यायचं आणि ते मुळापासून दाखवायचं. मी निवडलं वागळे इस्टेटमधल्या एका एसी दुरुस्तीवाल्यांचं काम. ऑक्टोबर २०२३ पासून त्यांची बिलं मी पाठवत होते. मोठमोठ्या कारखान्यांच्या एसी देखभालीची कंत्राटं त्यांच्याकडे होती, पण पैसे कायम अडकलेले. मालकांना वाटायचं, गिऱ्हाईक नाठाळ आहे. खरं कारण वेगळं होतं. बिलं परत येत होती. कारखान्याकडून परत आलेलं बिल दुरुस्त करून पुन्हा पाठवलं की मुदतीचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जायचे.

मालकांची परवानगी घेतली. ते म्हणाले, "आकडे घाला, नावं नकोत." वाटलं, सोपं आहे. जुनी कागदपत्रं वर्डमध्ये उघडली, नावांवर काळ्या पट्ट्या ओढल्या आणि पीडीएफ केली. माझा भाचा बारावीत आहे. त्याने सहज त्या पट्टीवरून माउस फिरवला, कॉपी केलं, दुसरीकडे पेस्ट केलं, आणि गिऱ्हाइकाचं नाव लखलखीत समोर! पट्टी फक्त वर बसली होती, खालची अक्षरं जागच्या जागी होती. पोटात गोळाच आला. ती फाइल अजून कुणाला पाठवली नव्हती, हे नशीब. मग जुने कागद झाकायचा नाद सोडला आणि कोऱ्या फाइलमध्ये 'कारखाना अ', 'कारखाना ब' अशा नावांनी सगळं नव्याने लिहिलं. शीटचंही तसंच. लपवलेला रकाना समोरच्याने शीटची कॉपी केली की उघडता येतो, म्हणून तीही नव्याने टंकली.

दुसरी अडचण याहून मोठी होती. मी यायच्या आधी किती बिलं परत यायची, हे कुणी मोजलंच नव्हतं. 'आधी'चा आकडाच नसेल तर 'नंतर'चा कुणाला दाखवायचा? शेवटी कंपनीच्या जीमेलमध्ये शोध घेतला:

```
in:sent has:attachment subject:invoice after:2023/04/01 before:2023/10/01
```

एकेक मेल उघडून त्याखालचं उत्तर वाचलं. दोन रविवार गेले. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये ६४ बिलं गेली होती आणि त्यातली १७ परत आली होती. सात बिलांवर पीओचा, म्हणजे गिऱ्हाइकाने दिलेल्या लेखी ऑर्डरचा, नंबर नव्हता किंवा चुकीचा होता. चारांना सही केलेला सर्व्हिस रिपोर्ट जोडलेला नव्हता. तीन बिलांवर जीएसटी नंबर चुकला होता. काम गुजरातच्या प्लांटमध्ये झालेलं, पीओही तिथलाच, आणि बिलावर २४ ने सुरू होणाऱ्या नंबराऐवजी महाराष्ट्राचा २७ वाला. उरलेल्या तीन बिलांचं कारण मेलमध्ये सापडलं नाही, तर तसंच लिहिलं. फोनवरून परत पाठवलेली बिलं यात येत नाहीत, म्हणजे खरा आकडा १७ पेक्षा जास्तच असणार. तेही खाली एका ओळीत घातलं. ऑक्टोबर ते मार्चमध्ये मी ७१ बिलं पाठवली, त्यातली चार परत आली.

तर तीन कागदांपैकी पहिल्यावर ही गोष्ट होती. दुसऱ्यावर परत आलेल्या बिलांचा तक्ता. तिसऱ्यावर माझी कार्यपद्धती, म्हणजे बिल पाठवण्याआधी काय तपासायचं आणि मुख्य म्हणजे कुठे थांबायचं. 'सर्व्हिस रिपोर्टवर सही नसेल तर बिल पाठवू नये, साइट इंजिनिअरला फोन करावा.' 'बिलाची रक्कम पीओच्या शिल्लक रकमेपेक्षा जास्त असेल तर आधी पीओ वाढवून घ्यावा.' हा दुसरा नियम माझ्या वेळच्या चार परत आलेल्या बिलांमधूनच जन्माला आला. त्यातली तीन याच कारणाने परत आली होती.

पहिल्या कागदाच्या डोक्यावर मात्र मी मोठ्या अक्षरात वेगळंच लिहिलं होतं: 'पैसे यायला लागणारे दिवस ७४ वरून ४६ वर.' टॅलीतून काढलेली सरासरी होती, खोटं काही नव्हतं. आकडा भरघोस दिसत होता, म्हणून तो वर चढवला.

रबाळ्याच्या त्या कंपनीत पॅकिंग मशीनची दुरुस्ती चालते. मालकीणबाई पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांच्या शेजारी हिशेब सांभाळणारे काका बसले होते, निवृत्तीचं वय उलटलेले, चष्मा कपाळावर. काकांनी पहिला कागद उचलला, चष्मा खाली घेतला आणि विचारलं, "मार्चही यात धरलाय का?"

"हो. ऑक्टोबर ते मार्च."

"मग यातलं तुमचं किती आणि सरकारचं किती?"

मला कळेना. काकांनी शांतपणे समजावलं. आयकर कायद्यात कलम ४३बी(एच) आलं, ते २०२३-२४ या वर्षापासून लागू झालं. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत, तेही जास्तीत जास्त ४५ दिवसांत, चुकतं केलं नाही, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच. "त्यामुळे या मार्चला मोठ्या कंपन्यांनी आमच्यासारख्यांची थकलेली बिलं शोधून शोधून भरली," काका म्हणाले. "आमचेही दिवस कमी झाले. आमच्याकडे तर तुम्ही नव्हतात."

मालकीणबाई हसल्या. मला हसू आलं नाही. एसीवाल्यांची उद्यम नोंदणी होती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी लॅपटॉप उघडला आणि फक्त ऑक्टोबर-नोव्हेंबरची बिलं वेगळी काढली. सरासरी आली ६३ दिवस. "बघा, तरीही ७४ पेक्षा कमीच," असं मी म्हणणार, तोच काका वाकून बघत म्हणाले, "यातलीही काही मार्चमध्येच भरलीत ना?" पाच बिलं तशी होती. हा आकडा धुवावा तितका गढूळ होत चालला होता. मी लॅपटॉप मिटला आणि दुसरा कागद पुढे सरकवला.

काकांनी तो सावकाश वाचला. १७ च्या खाली बोट ठेवलं, मग ४ च्या खाली. "पीओ नंबर लिहायला काही कायदा सांगत नाही," ते म्हणाले. "हे तुमचं. हे वर घ्या की! दिवस खाली जाऊ देत, आणि शेजारी कलमाचा उल्लेख करा."

इतकं साधं मला का सुचलं नव्हतं, याचा मी नंतर बराच विचार केला. पैसे किती दिवसांत आले, हे गिऱ्हाइकाच्या हातात, बाजाराच्या हातात, कधी दिल्लीच्या हातात. बिल परत आलं की नाही, हे बरंचसं माझ्या हातात. पण छोट्या आकड्याची मला लाज वाटली होती.

मालकीणबाईंनी तोवर तिसरा कागद उचलला होता. त्यांनी बाहेरच्या टेबलावरच्या मुलीला हाक मारली. वर्षभरापूर्वी लागलेली, बावीस-तेवीसची असेल. "या ताईंच्या कागदावरून ही तीन बिलं तपास. त्यांना काही विचारायचं नाही." आणि स्वतःच्या फाइलमधली तीन जुनी बिलं पीओंसकट तिच्यापुढे ठेवली.

ती दहा मिनिटं मला फार लांब गेली. आपण लिहिलेलं वाचताना समोरच्याची भुवई कुठे चढते ते बघायचं आणि तोंड उघडायचं नाही! पहिलं बिल तिने बरोबर ठरवलं. दुसऱ्यावर थांबली. पीओत 'प्रति भेट' दर होता, बिलात 'एकूण काम' लिहिलेलं. "हे पाठवायचं नाही, मजकूर जुळत नाही," ती म्हणाली. काकांनी मान डोलावली. ते बिल खरोखरच परत आलं होतं म्हणे.

तिसरं बिल सगळं जुळलं आणि ती शेवटच्या पायरीवर अडली. मी लिहिलं होतं, 'मेल एपीला पाठवावा, साइटला फक्त प्रत.' बराच वेळ कागदाकडे बघून तिने मालकीणबाईंना विचारलं, "मॅडम, पण हे गिऱ्हाईक तर पुण्याचं आहे. आंध्र प्रदेशला का पाठवायचं?"

काका इतके हसले की चष्मा पुन्हा कपाळावर गेला. एपी म्हणजे अकाउंट्स पेएबल, गिऱ्हाइकाचा बिलं चुकती करणारा विभाग. रोज मेलमध्ये वाचून तो शब्द माझ्या अंगवळणी पडला होता. माझी कार्यपद्धती मी आठ वेळा वाचली होती, पण ती माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाकडून एकदाही करवून घेतली नव्हती. मी मुलीकडूनच पेन घेतलं, 'एपी' खोडून 'गिऱ्हाइकाचा बिलं चुकती करणारा विभाग, पत्ता पीओच्या तळाशी' असं लिहिलं. तो खाडाखोड केलेला कागद मी अजून तसाच ठेवलाय आणि नव्या गिऱ्हाइकाला टाइप केलेल्या पानासोबत तोही दाखवते. लोक त्याच्याकडेच जास्त वेळ बघतात.

मालकीणबाईंनी पूर्ण काम लगेच दिलं नाही. पुढची वीस बिलं तुम्ही पाठवा, मग बोलू, एवढंच म्हणाल्या. पैसे ठरले ते मला जरा कमी वाटले, पण मी घासाघीस केली नाही.

निघताना मी काकांना विचारलं, "गेल्या सहा महिन्यांत तुमची किती बिलं परत आली?"

काकांनी मालकीणबाईंकडे पाहिलं. मालकीणबाईंनी काकांकडे. "मोजली नाहीत कुणी," काका म्हणाले.

मी छत्री परत टेकवली, खुर्ची ओढली आणि त्यांच्या पाठवलेल्या मेलांचा फोल्डर उघडून मागितला.