नळ हातात आला तो दिवस

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काजूची बोंडं पिकून पडायला लागली, की फिजिओथेरपिस्ट म्हणून माझ्या गृहभेटींचं वेळापत्रक कोलमडतं. ज्यांना व्यायाम शिकवायचा ते सकाळी घरात सापडत नाहीत, सगळे बागायतीत. म्हणून वाळपईच्या पुढच्या त्या गावात मी दुपारी अडीचला पोचले. पेशंट काका. त्यांच्या डाव्या अंगावरून पॅरालिसिसचा झटका गेलेला, त्यांना उभं करून चालवायला मी आठवड्यातून दोनदा जायचे. काकी माझ्या पेशंट नव्हत्या. काकांना उठवणं-बसवणं त्याच करायच्या, आणि माझ्या वहीत त्यांची नोंद होती 'काळजी घेणारी व्यक्ती' एवढीच.

काकांचा हात हातात घेतला एवढ्यात परसातून धडपड ऐकू आली आणि मागोमाग पाण्याचा फवारा फुटल्यासारखा आवाज. संडास जुन्या पद्धतीचा, घराबाहेर. आतून कडी. मी हाका मारत होते आणि आतून काकी सांगत होत्या, "बाय, पडलंय नाय गो मी. नळ हातात आलो. उठूक येना."

पुतण्या धावत येऊन आधी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून आला, मग पहारीने कडी उचकटली. दार आत उघडणारं, आणि काकींची पावलं दाराच्या आड. अर्धवट उघडलेल्या फटीतून मी आत शिरले. संडासाचं भांडं साधारण सहा इंच उंच कट्ट्यावर बसवलेलं, काकी त्याच्या मागच्या बाजूला कट्ट्यावर बुड टेकून, पाय भांड्याच्या दोन्ही बाजूंना, पातळ लुगडं चिंब. उकिडव्या अवस्थेतून उठताना त्यांनी नेहमीप्रमाणे भिंतीतला नळ धरून स्वतःला वर ओढलं होतं. नळ प्लास्टिकच्या पाइपात बसवलेला, किती दिवस तो भार सोसणार?

पुतण्या बगलेत हात घालून उचलायला पुढे झाला, त्याला थांबवलं. वयस्क माणसाचा खांदा असा ओढला तर निखळू शकतो, आणि ओल्या लादीवर तोही घसरला असता. आधी विचारलं, जांघेत दुखतं का, दोन्ही पाय हलवता येतात का. हलत होते. डोकं आपटलेलं नव्हतं. मग घरातला पाट मागवून भांड्यावर आडवा टाकला. त्यावरून काकी बुड सरकवत कट्ट्याच्या पुढच्या कडेला आल्या आणि पाय खालच्या जमिनीवर टेकले. आंघोळीला बसायचं छोटं प्लास्टिकचं स्टूल, दहा इंच उंचीचं, त्यांच्या मागे कट्ट्यावर ठेवलं. काकांचा पंचा घडी करून कमरेभोवती घातला, मी एका बाजूने, पुतण्या दुसऱ्या बाजूने धरला. त्यांनी हातांनी रेटा दिला, आम्ही पंच्याने वर घेतलं, आणि त्या स्टुलावर बसल्या. कट्टा सहा आणि स्टूल दहा, म्हणजे पावलांपासून सोळा इंच. तिथून त्या स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या.

सोप्यावर बसवून पाणी दिलं. दोन घोट घेऊन पेलो खाली ठेवला. उन्हाने माणूस करपतंय आणि ही बाई पाणी नको म्हणते, हे मला खटकलं. विचारत गेले तसं उलगडत गेलं. सकाळी एक कप चहा, जेवणाबरोबर अर्धा पेलो पाणी, संध्याकाळचा चहा दोन वर्षांपूर्वीच बंद. कारण? "रातीचें परसाक जावंचें पडटा मगे." पाणी कमी म्हणून पोट साफ होत नाही, पोट साफ होत नाही म्हणून त्या भांड्यावर जास्त वेळ बसायचं. ब्लडप्रेशरच्या गोळ्यांमधली एक लघवी वाढवणारी, ती त्यांनी कुणाला न सांगता सोडून दिलेली. डॉक्टरांना वाटत होतं गोळ्या लागू पडत नाहीत. सकाळपासून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत होती, तेही आता कळलं. ते ऐकून मी त्यांना त्याच संध्याकाळी पुतण्याबरोबर आरोग्य केंद्रात पाठवलं आणि चिठ्ठीत गोळीचं आणि पाण्याचं दोन्ही लिहिलं. किती पाणी प्यायचं, गोळी कधी सुरू करायची, हे डॉक्टरांनी ठरवायचं, मी नाही.

सहा महिने मी त्या घरात जात होते. काकी काकांना उठवताना आधी टेबलाच्या कडेला हात टेकतात, हे मी पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं. म्हातारपण, असं मनात म्हणून.

पुढच्या भेटीत सांध्याचा कोन मोजायचं गोनिओमीटर घेऊन काकींचे गुडघे मोजले. उजवा शंभर अंशांपर्यंत वाकायचा, डावा एकशे बारा. खुर्चीतून उठायला साधारण नव्वद ते शंभर अंश लागतात, म्हणून घरात त्या चालत्या-फिरत्या दिसायच्या. उकिडवं बसायला मात्र एकशे तीसच्या पुढे जावं लागतं. ज्याचा गुडघा शंभरावर अडतो तो माणूस उकिडवा बसतो कसा? पूर्ण खाली न जाता, अंग मागे टाकून, एका हाताने काहीतरी धरून. शिवाय खरी कसोटी बसण्याची नाही, उठण्याची. खोल वाकलेल्या गुडघ्यावर सगळं अंग उचलताना वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते, आणि कूर्चा झिजलेली असेल तर तिथेच कळ निघते. काकी नेमकी तीच जागा बोटाने दाखवायच्या, वाटीच्या खाली-आत.

दिवसातून त्या किती वेळा खाली बसतात, हे मी मोजायला सांगितलं. परसात तीन-चार वेळा. आडोळीवर, म्हणजे विळीवर, नारळ खवायला, मासळी कापायला. बागायतीत बोंडातून बी पिळून काढायला उकिडवं बसून तास-दीड तास. देवघरापुढे. आम्ही शिकताना गुडघेदुखीला 'मांडी घालू नका, उकिडवे बसू नका' एवढं वाक्य पाठ केलेलं असतं. ते काकींना सांगून काय उपयोग होता? नारळ कोण खवणार?

ठरवलं की एका वेळी एकच बदल, आणि पहिला संडासाचा. कारण आडोळी उद्यावर टाकता येते, हे टाकता येत नाही.

तिथे माझी चूक झाली. टाचेपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत काकींचं माप सोळा इंच भरलं. बसायची जागा त्याहून दोनेक इंच उंच असली की उठणं सोपं जातं, म्हणून पायांना भोकं असलेली कमोड खुर्ची अठरा इंचांवर लावून पाठवली. आठवड्याने गेले तर खुर्ची परसात, तिच्यावर वाळत घातलेलं फडकं. "पाय लोंबकळतात गो बाय, जोर येना," काकी म्हणाल्या. बघितलं तर खुर्ची कट्ट्यावर, आणि पावलं सहा इंच खालच्या जमिनीवर यायला हवीत. म्हणजे पावलांपासून चोवीस इंच. पडल्या त्या दिवशी स्टुलाने मला हेच गणित करून दाखवलं होतं, तरी मी माप खुर्चीच्या पायांपासून धरलं. वर पुढचे दोन पाय कट्ट्याच्या अगदी कडेला, बोटभर सरकले असते तर खाली.

खुर्ची एवढी खाली येणारी नव्हती. मग गवंड्याला बोलावून पुढची खालची जमीन कट्ट्याइतकी भरून घेतली, वर खरखरीत लादी, पाणी भांड्याकडे जाईल असा उतार. जमीन वर आली तसं आत उघडणारं दार अडायला लागलं. ते काढून बाहेर उघडेल असं बसवलं, आणि आपोआप दुसरा प्रश्न सुटला. आता कुणी आत पडलं तरी दार त्याच्या अंगावर ढकलावं लागणार नाही. कडीऐवजी आत सुतळीचा आकडा.

धरून उठायला भिंतीत बसवायच्या दांड्याला गवंडी पहिल्यांदा तयारच होईना. भिंत जांभ्या चिऱ्याची. चिरा भुसभुशीत, प्लास्टिकच्या बुचात मारलेला स्क्रू आज घट्ट वाटतो आणि महिन्यात हलायला लागतो. माणूस ज्याच्यावर अंग टाकणार ती वस्तू अशी बसवायची नाही, हे त्याचं म्हणणं बरोबर होतं. शेवटी बोल्ट आरपार काढून पलीकडे लोखंडी पट्टी लावून आवळले. दांडा कमरेच्या उंचीवर, बसल्यावर उजवा हात जाईल तिथे, आणि दुसरा दाराबाहेरच्या नव्या पायरीजवळ. पुतण्याने आधी स्वतः लटकून बघितलं. खुर्चीच्या डब्याचं बूड पुतण्यानेच कापून टाकलं, त्याचं नळकांडं झालं आणि शिंतोडे उडायचे थांबले. चारही पायांची रबरी बुचं दर महिन्याला बघायची, झिजली की ओल्या लादीवर खुर्ची घसरते.

आडोळी आता टेबलावर आहे, खाली ओलं फडकं, काकी खुर्चीत. नारळ खवायला ते जमलं. मासळीला नाही, घरात सून नाही, मासळी अजून काकीच जमिनीवर बसून कापतात आणि मी त्यावर वाद घालत नाही. बोंडं वेचायला टोकाला खिळा ठोकलेली लांब काठी होतीच, तिने वाकावं लागत नाही. बी पिळायला बसायची जागा म्हणून दोन चिरे एकमेकांवर ठेवून वर गोणपाट. देव्हारा भिंतीवर चढवायला त्यांनी साफ नकार दिला. समोर खुर्ची ठेवतात, हात जोडताना थोडं अवघडल्यासारखं वाटतं म्हणतात. व्यायामात दोनच गोष्टी दिल्या. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन मांडी आवळून धरणं, आणि उशी टाकून उंच केलेल्या खुर्चीतून हात न लावता दहा वेळा उठणं-बसणं. उशी काढायची ती कळ न येता दहा जमले की.

गोव्याबाहेर असलेला मुलगा फोनवर म्हणाला, एवढा खटाटोप कशाला, सांधाच बदलून टाकू, मग आई पूर्वीसारखी खाली बसेल. त्याला सांगावं लागलं की ऑपरेशन केलं तरी उकिडवं बसायला बहुतेक सर्जन मनाईच करतात. ऑपरेशनने दुखणं जाईल, चालणं सुधारेल, कमोड मात्र लागेलच. तो बराच वेळ गप्प होता.

जूनमध्ये काकींनी सांगितलं, संध्याकाळचा चहा परत सुरू केलाय. गुडघा उजवा अजून शंभरावरच आहे, तो वाकायला लागलेला नाही आणि लागेल असं मी म्हटलंही नव्हतं. सुजेचा फुगवटा मात्र उतरलाय.

एकच भानगड उरली होती. घरातली बाकीची माणसं आणि आलेगेले खाली बसणारे. खुर्ची उचलून बाहेर ठेवायची आणि परत आत ठेवायला विसरायचं. एका रात्री दोन वाजता, धो धो पावसात, काकी दार उघडून बघतात तर खुर्ची परसात, भिजत. त्या तिथे उभ्या राहून पुतण्याला हाका मारत होत्या, नळ न धरता. दुसऱ्या दिवशी पुतण्याने तांबडा ऑइल पेंट आणून लादीवर खुर्चीच्या चार पायांच्या जागी चार गोल काढले आणि दारावर आतून खडूने लिहिलं, 'चार टिळ्यांवर परत ठेवणे'. पावसाने खडू पुसला. टिळे आहेत.