लिफ्टमध्ये बोलावं की गप्प राहावं?

जर्मनीत स्टुटगार्टला आमच्या इमारतीतली लिफ्ट आठ जणांची, 630 किलोची. आठ जण मात्र मी आत कधीच पाहिले नाहीत. तिघं असले की चौथा ‘तुम्ही व्हा पुढे’ असा हात करतो. चौथ्या मजल्यापर्यंत जायला जेमतेम अर्धा मिनिट लागतो, आणि तेवढ्यात अनोळखी शेजाऱ्याशी काय बोलायचं हे इथे जणू ठरलेलं आहे.

नंतर आत येणारा आधी ‘हालो’ म्हणतो, आतले उत्तर देतात. मग सगळे गप्प, नजर मजल्याच्या आकड्यांवर. उतरणारा ‘चूस’ म्हणून निरोप घेतो. संध्याकाळ असली तर ‘शोनन आबेंट’. डॉक्टरकडच्या वेटिंग रूममध्येही हाच रिवाज. मॉलच्या लिफ्टमध्ये मात्र कोणी कोणाला विचारत नाही.

मला यातला निरोप जास्त आवडतो. निघताना एक शब्द पडला की मधलं गप्प राहणं कोणाला रुसवा वाटत नाही. नुसत्या ‘हालो’नंतर अबोल राहिलं, तर आता पुढे काय बोलू, अशी चुळबुळ उरते.

आई बडोद्यात दांडिया बाजारातलं जुनं घर सोडून गोत्रीला सातव्या मजल्यावर राहायला गेली. तिथल्या लिफ्टमध्ये दोनच प्रकार दिसले. ओळखीचं कोणी असेल तर दारात पाय अडकवून गप्पा, आणि लिफ्ट बिचारी ‘कृपया दरवाजा बंद करें’ म्हणून ओरडतेय. ओळखीचं नसेल तर मोबाइल. मधलं काहीच नाही.

सुट्टीत गेलो तेव्हा एका काकांना सवयीने नमस्कार केला आणि उतरताना ‘आवजो’ म्हटलं. आई म्हणाली, “अरे, ओळख ना पाळख, तो काय म्हणेल?” दुसऱ्या दिवशी काकांनीच विचारलं, “कोने त्यां आव्या छो?” सहावा मजला येईपर्यंत मी कुठे असतो, काय करतो, लग्न झालं का, सगळं विचारून झालं. पगार तेवढा सातव्याने वाचवला. आपल्याकडे नमस्कार म्हणजे चौकशीला परवानगी, आणि लोक गप्प राहतात ते बहुधा त्या धास्तीनेच.

म्हणून बडोद्यात मी नमस्काराऐवजी “कितवा?” विचारून त्यांचं बटण दाबतो. बोलणंही होतं आणि विषयही तिथेच संपतो. उतरताना ‘चला’. कानात इयरफोन असेल तर नुसती मान हलवायची. आणि रात्री उशिरा लिफ्टमध्ये बाई एकटीच असेल तर हे काहीच नको. पुढच्या फेरीने जावं. गोत्रीच्या लिफ्टला खाली यायला तसा वेळ लागतो, पण तेवढं थांबायला काय होतंय?