पडण्याआधी काय चाललं होतं?

“उभ्या उभ्या पडली, पण दोन मिनिटांत उठून बसली. आता ठणठणीत आहे. मग ईसीजी कशाला, डॉक्टर?”

कारण हृदय मध्येच बिघडून पडलेलं माणूससुद्धा दोन मिनिटांत असंच ठणठणीत होऊन बसतं. माझ्यापर्यंत पोचतं तेव्हा नाडी बरी असते, प्रेशर बरं असतं, तपासायला हाती काही उरलेलं नसतं. उरते ती पडण्याआधीची हकीकत आणि तो एक कागद. म्हणून मी सोबत आलेल्या प्रत्येकाला विचारते, “पडण्याच्या आधीचं अर्धं मिनिट सांगा. बसली होती, उभी होती की पळत होती?”

गणपतीत आमच्याकडे हमखास येणारी मुलगी पंधरा-सोळा वर्षांची असते. सकाळपासून उपवास, माजघरात माणसांची दाटी, कापराचा धूर, तीन आरत्या उभ्याने झालेल्या आणि चौथी चालू. आधी मळमळतं, जांभया येतात, घाम फुटतो, कानात गुंई होतं, समोरचं काळवंडतं. “आई, मला कसंतरी होतंय” एवढं म्हणायला तिला वेळ मिळतो आणि मग ती भिंतीला टेकत घसरते. पायात रक्त साचलेलं असतं. अशात मज्जातंतूंकडून उलटा हुकूम सुटतो, हृदयाची गती मंदावते, रक्तवाहिन्या सैल पडतात आणि मेंदूचा पुरवठा काही सेकंद तुटतो. आडवी झाली की रक्त परत फिरतं. अशा माणसाला चार जणांनी धरून खुर्चीत बसवू नका. आडवं ठेवा, पाय उचला. तिचाही ईसीजी मी काढते. तो चांगला निघाला की कोकम सरबतात मीठ घालून प्यायला आणि पुढच्या वेळी कसंतरी व्हायला लागल्याबरोबर खाली बसायला सांगून घरी पाठवते.

आता दुसरी हकीकत. मे महिना होता. मुंबईहून खाडीकाठच्या गावात आजोळी आलेला अकरा वर्षांचा मुलगा. विहिरीत पोरं पोहत होती. हा उडी मारून वर आला, दोन हात मारले आणि एकदम तोंड पाण्यात. ओरडला नाही, हातपाय झाडले नाहीत. मावसभावाने केसांना धरून काठावर ओढला. तिथे हाताला दोन-तीन झटके आले आणि अर्ध्या मिनिटात डोळे नीट उघडून तो म्हणाला, “काय झालं?”

आईने फाइल पुढे केली. दोन वर्षांपूर्वी शाळेत धावताना असाच पडला होता, तेव्हाही झटके आले होते. तेव्हापासून फीटची गोळी चालू. मेंदूचा आलेख नॉर्मल. ईसीजी फाइलमध्ये नव्हताच.

झटके आले म्हणजे फीट, हा समज डॉक्टरांनाही चकवतो. मेंदूला रक्त कमी पडलं की कारण कुठलंही असो, थोडे झटके येऊ शकतात. ते बहुधा काही सेकंदांचे असतात आणि माणूस लगेच भानावर येतो. फीटनंतर तो बराच वेळ गोंधळलेला, पेंगुळलेला राहतो. हा मुलगा शुद्धीवर आल्या आल्या स्वतःची चप्पल शोधत होता.

मला खरी भीती वाटली ती दोन गोष्टींची. एक, दोन्ही वेळा तो श्रम चालू असताना पडला. पळून झाल्यावर, थांबून उभं असताना आलेली घेरी बरेचदा साधी असते. धावता धावता, पोहता पोहता शुद्ध जाणं हे हृदयाचं आहे असंच धरून चालायचं. दोन, पूर्वसूचना काहीच नाही. मळमळ नाही, घाम नाही. दिवा मालवावा तसं.

मग मी नेहमीचा प्रश्न विचारला. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं आहे का? आई नाही म्हणाली. दाराशी उभ्या आजीने मान हलवली. “डॉक्टरांनू, माझो भाव गेलो. तळ्यात. पट्टीचो पोवणारो, तो बुडतलोच कसो?” एकोणीस वर्षांचा होता. घरात तो ‘बुडालेला’ म्हणून ठाऊक होता, अचानक गेलेला म्हणून नव्हे. तेव्हापासून मी प्रश्न बदलला. कुणी बुडालं होतं का, गाडी चालवताना विनाकारण आपटलं होतं का, झोपेत गेलं होतं का, असं वेगवेगळं विचारते.

ईसीजी काढला. वरवर पाहता शांत, नियमित. मशीनच्या छापील आकड्यावर मी विसंबत नाही, चौकटी स्वतः मोजते. एक बारीक चौकट म्हणजे ४० मिलिसेकंद. एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंत २० चौकटी भरल्या, म्हणजे ०.८ सेकंद. ठोक्याच्या सुरुवातीपासून त्याच्या शेवटची टी नावाची लाट जमिनीला टेकेपर्यंत १२ चौकटी, म्हणजे ४८० मिलिसेकंद. याला क्यूटी म्हणतात. ठोका पडल्यावर हृदयाला पुन्हा चार्ज व्हायला किती वेळ लागतो, त्याचं हे माप. साध्या गतीत ते दोन ठोक्यांमधल्या अंतराच्या निम्म्याहून कमी असावं, म्हणजे इथे १० चौकटींच्या आत. गतीचा हिशेब धरून, ४८० ला ०.८ च्या वर्गमुळाने भागलं की ५३७ येतं. या वयात साधारण ४५० च्या आत अपेक्षित असतं आणि ५०० च्या वर धोका मोठा.

चार्जिंग लांबलं, त्यात श्रमाने अॅड्रेनलिन वाढलं आणि नेमक्या त्या वेळी एखादा जादा ठोका पडला, की हृदय पिळवटल्यासारखं वेड्या वेगाने थरथरतं. रक्त पुढे जात नाही. पुष्कळदा ते आपोआप थांबतं आणि मूल उठून बसतं. थांबलं नाही, तर विहीर नसली तरी मूल जातं.

रक्तातलं पोटॅशियम आणि कॅल्शियम कमी असलं तरी क्यूटी लांबतो, म्हणून ते तपासलं. दोन्ही ठीक निघालं. त्याच दिवशी मुंबईच्या बालहृदयरोगतज्ज्ञांशी फोनवर बोलले. अॅड्रेनलिनचा हृदयावरचा जोर कमी करणारी बीटा ब्लॉकरची गोळी रोज, एकही दिवस न चुकता. पोहणं आणि शर्यती बंद. फीटच्या गोळीचं काय करायचं तेही त्यांनीच ठरवलं, कारण ती मनाने तोडायची नसते.

कागद चांगला आला म्हणजे सुटलो, असं मात्र नाही. श्रमात पडलेल्याचा साधा ईसीजी अगदी स्वच्छ असू शकतो. काही आजार फक्त ट्रेडमिलवर चालवून काढलेल्या ईसीजीत उघडे पडतात, काही सोनोग्राफीसारख्या इकोत. म्हणून हकीकत वाईट असेल तर चांगल्या कागदावर मी थांबत नाही. आणि ओटीवर बसल्या जागी कोसळून कपाळ फुटलेल्या आजोबांच्या कागदावर हृदयातल्या विजेच्या तीन वाटांपैकी दोन अडलेल्या दिसल्या, तर तिसरी केव्हाही अडेल म्हणून त्यांनाही पेसमेकरच्या विचाराने पुढे पाठवते.

मुलाच्या घरच्या सगळ्यांचा ईसीजी त्याच आठवड्यात काढला. आजीचा लांबलेला, आईचा काठावरचा. सहा वर्षांच्या बहिणीचा क्यूटी हिशेबाने ४९५, आणि ती तर कधी पडलीच नव्हती. तिलाही गोळी सुरू झाली. क्यूटी वाढवणाऱ्या औषधांची यादी मी आईला हाताने लिहून दिली. उलटीची ऑनडॅन्सेट्रॉन, घशासाठी सर्रास दिली जाणारी अॅझिथ्रोमायसिन, पित्तावरची डॉमपेरिडोन. तिने ती मुंबईच्या घरी औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आणि फोटो पाठवला. खाली तिने स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली होती: ‘जुलाब-उलट्या झाल्या तर वाट न बघता दवाखान्यात, पोटॅशियम उतरतं.’