हात कोणाचा होता?

शर्ली जॅक्सन यांच्या ‘द हाँटिंग ऑफ हिल हाउस’ (१९५९) या कादंबरीतला हाताचा प्रसंग आज पुन्हा वाचला. झपाटलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या हिल हाउसचा अभ्यास करायला एका डॉक्टरने बोलावलेल्या एलेनॉर आणि थिओडोरा एका खोलीत वेगवेगळ्या खाटांवर झोपल्या आहेत. अंधार आहे. पलीकडच्या रिकाम्या खोलीतून पुटपुटणं ऐकू येतं, मग लहान मुलाचं रडणं. एलेनॉर थिओडोराचा हात घट्ट धरून पडून राहते, शेवटी किंचाळते. दिवा लागतो, तर थिओडोरा आपल्या खाटेवर, हात पोहोचणार नाही इतक्या अंतरावर. मग मी कोणाचा हात धरला होता? या प्रश्नावर प्रसंग तुटतो.

मला यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो दिवा लागण्याआधीचा भाग. त्या हाताची बारीक हाडंसुद्धा बोटांना जाणवतात आणि आपण निर्धास्त असतो, कारण तोच एक आधार असतो. धास्ती मागे जाऊन आपल्या त्या विश्वासाला धरते. तिथे एखादा सडलेला पंजा दाखवला असता तर किळस आली असती, आणि किळस पान उलटलं की ओसरते.

पण संदिग्धता म्हणजे काहीही न सांगणं नव्हे. पुरावा द्यावा लागतो, फक्त तो पुरता पडू द्यायचा नाही. दारांवर धडका बसतात ती रात्र पाहा. सगळं एलेनॉरच्या मनातलंच म्हणावं, तर थिओडोरालाही आवाज ऐकू येतात. घर झपाटलेलं म्हणावं, तर अर्धवट झोपेत एलेनॉर “आले, आई” म्हणते. तिची आजारी आई भिंत ठोकून तिला बोलवायची. आणि एलेनॉर बारा वर्षांची असताना तिच्या घरावर तीन दिवस दगड पडले होते, हे लेखिकेने सुरुवातीलाच सांगून ठेवलं आहे. म्हणजे हे सगळं नकळत तीच घडवत असेल, हीही वाट उघडी. डॉक्टर आणि घराचा भावी वारस ल्यूक त्या वेळी कुत्र्यासारख्या कशाच्या तरी मागे बाहेर गेलेले असतात, त्यामुळे तटस्थ साक्षीदार उरत नाही. तिन्हींतली एक शक्यता जरी पक्की झाली असती, तरी पुढची पानं नुसती चौकशी झाली असती.

रक्ताच्या जवळ जाणारा प्रसंगही आहे. थिओडोराचे कपडे लाल द्रवात माखतात, भिंतीवर एलेनॉरचं नाव उमटतं. रंग की रक्त, याचा निकाल लेखिका लागू देत नाही आणि त्या लाल रंगावर फार रेंगाळतही नाही. तिला हवा असतो तो परिणाम: थिओडोरा आता एलेनॉरच्या खोलीत राहते आणि तिचे कपडे घालते. एलेनॉरला ही जवळीक हवी होती आणि तिचा तिरस्कारही वाटतो. पुढे ते कपडे स्वच्छ असल्याचं कळतं, डागही नाही. थिओडोराला आनंद होतो. एलेनॉरची मात्र आता तिला गरज उरत नाही.