भरीत पार्टीला एकटीने जाताना: फाटकापासून शेकोटीपर्यंत

अंधार पडायच्या आत पोहोचा. यावल-फैजपूरकडच्या मळ्यात भरीत पार्टीचं बोलावणं आलं असेल, सोबत कोणी नसेल आणि बोलावणाऱ्याशिवाय तिथे कोणी ओळखीचं नसेल, तर एवढी एक गोष्ट पाळाच. मला नेमकं उलट सांगितलं होतं. "आरामात या मॅडम, साडेआठला. तोवर नुसतं कामच चाललेलं असतं. आपलेच दहा-बारा लोक आहेत." जळगावला बदली होऊन थोडेच दिवस झाले होते. ऑफिसातल्या माणसाने इतक्या आग्रहाने सांगितलेलं मी तंतोतंत पाळलं.

भुसावळहून रिक्षा केली. जाताना दोनशे ठरले, मळ्याच्या फाट्यावर उतरल्यावर चारशे मागितले, कारण "रिकामी गाडी परत न्यावी लागते". अंधारात, कच्च्या रस्त्यावर, एकट्या बाईने वाद घालायचा नसतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. येण्या-जाण्याचं भाडं आधीच एकदम ठरवा, नाहीतर रिक्षा करूच नका. यजमानाला सरळ विचारा, "माझ्या बाजूने कोण येतंय?" कोणीतरी असतंच. शिवाय ज्याच्यासोबत गाडीत बसून आलात, तो तुमचा पहिला ओळखीचा माणूस होतो. ही सोय मला कोणी सुचवली नाही.

आता तो वाईट टप्पा. फाटकापासून शेकोटीपर्यंत साधारण पन्नास पावलं. दहा-बारा कुठले, साठेक माणसं होती. पुरुष ट्रॅक्टरजवळ गोल करून उभे, बायका चुलीपाशी, पोरं केळीच्या बागेच्या कडेला. यजमान दही आणायला गावात गेलेले. मी येताच दोन-तीन गोलांतल्या माना वळल्या आणि परत फिरल्या. त्यांना मी नको होते असं नाही. साडेआठपर्यंत त्यांच्या गप्पा रंगात आलेल्या असतात आणि रंगलेल्या गप्पा कोणी अनोळखी माणसासाठी थांबवत नाही.

मग आली खुर्ची. खानदेशात पाहुणचार मोठा, त्यामुळे कोणीतरी धावत येतं, फडक्याने प्लॅस्टिकची खुर्ची पुसतं, "बसा मॅडम" म्हणतं, पाण्याचा तांब्या देतं आणि निघून जातं. त्या खुर्चीवर बसू नका. ती मानाची असते म्हणून सगळ्यांपासून जरा लांब ठेवलेली असते. बाकीचे उभे असतात आणि उभा माणूस बसलेल्या अनोळखी बाईशी बोलायला वाकत नाही. मी तिथे तासभर काढला. पाणी घ्या, तांब्या परत करायच्या निमित्ताने उठा आणि म्हणा, "बसते नंतर, आधी वांगी बघू द्या." याचा कोणालाही राग येत नाही, उलट आनंदच होतो.

कुठल्या घोळक्यात शिरायचं ते पायांवरून ओळखा. दोन माणसं समोरासमोर, पायाची बोटं एकमेकांकडे करून उभी असतील तर त्यांचं काही खासगी चाललंय, तिकडे जाऊ नका. तिघं-चौघं अर्धगोल करून एका बाजूला मोकळी जागा ठेवून उभी असतील तर तिथे जाता येतं. माणसं उभी कशी राहतात याचा अभ्यास करणाऱ्या अॅडम केंडन यांनी या मांडणीवर बरंच काम केलं आहे, पण मळ्यात पाच मिनिटं बघत राहिलं तरी ते दिसतं. मोकळ्या जागेशी जाऊन थांबा, बोलणाऱ्याकडे बघा, लगेच तोंड उघडू नका. कोणी पाऊलभर सरकून जागा केली की समजायचं, घेतलं आपल्याला. दोन-तीन मिनिटांत कोणी सरकलं नाही तर तिथून निघा, ताटकळत राहू नका.

पण खरा मार्ग हा नाहीच. खरा मार्ग म्हणजे वांगी सोलायची जागा, आणि ती संध्याकाळीच चालू असते, म्हणून तर वेळेचा एवढा आग्रह. पुढच्या बोलावण्याला मी कोणाचं न ऐकता दिवस मावळताना गेले. कपाशीच्या काड्यांवर हिरवी-पांढरी मोठी वांगी भाजत होती. भाजून झालेली परातीत येत होती आणि चार-पाच बायका त्याभोवती बसल्या होत्या. तिथे हाताला काम असतं, नजर खाली असते, गप्प राहिलं तरी अवघडत नाही. एका काकूंच्या शेजारी टेकले आणि विचारलं, "देठ ठेवायचा का?" त्यांनी दाखवलं: देठ धरून वांगं उभं करायचं, बोटं पाण्यात बुडवायची, साल वरून खाली ओढायची, देठ शेवटी काढायचा. पाणी कमी घ्यायचं, नाहीतर भरीत पातळ होतं. चटके बसतात, पण सोसण्यासारखे.

दुसरा प्रश्न नोकरीचा किंवा गावाचा नको. "ही वांगी बामणोदची की आसोद्याची?" असं विचारा. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण चांगलं वांगं कुठल्या गावचं, यावर इथे आजही प्रत्येकाचं ठाम मत आहे. काकू आसोद्याच्या निघाल्या. बामणोदचं नाव ऐकून आधी त्यांनी मला दुरुस्त केलं, मग आसोदा हे बहिणाबाईंचं माहेर हे सांगितलं, आणि मग विचारलं, "तुम्ही कुठल्या हो?" हा उलटा प्रश्न महत्त्वाचा. जी बाई उत्तर देऊन थांबते ती सभ्य आहे, पण तिचं लक्ष दुसरीकडे आहे. जी उत्तर देऊन आपल्यालाही काही विचारते, तिच्याजवळ थांबा.

पण तिला चिकटून बसू नका. वांगी संपली, बडजी नावाच्या लाकडी भांड्यात मिरची-लसणासोबत कुटायला गेली, की काकूंना पुऱ्यांकडे बघायचं असतं. तेव्हा त्यांच्या मागे न जाता विचारा, "मी काय करू?" त्यांनी मला कांद्याची पात चिरणाऱ्या त्यांच्या भाचीकडे पाठवलं आणि जाताना मोठ्याने म्हणाल्या, "ए, ह्या आपल्या ताई आहेत, एकट्या काय करून राहतील? बसव त्यांना तुझ्याजवळ." मॅडमची ताई झाले आणि पुढची सगळी संध्याकाळ सोपी गेली. मी इतकी खुश होते की थंडी वाजतेय हेही कळलं नाही. तुम्ही मात्र शाल न्या, डिसेंबरात मळ्यात कडाक्याची थंडी पडते.

जेवणाबद्दल सांगण्यासारखं फार नाही: केळीच्या पानावर भरीत, कळण्याच्या पुऱ्या, उत्तम.

ही युक्ती सगळीकडे चालत नाही. आचारी बोलावून केलेल्या पार्टीत सोलायच्या जागी आगंतुकाला बसवत नाहीत. तिथे पाहुण्यांना पानं आणि पाणी देणाऱ्या पोरांना हातभार लावा, किंवा अर्धगोल शोधा. आणि पुरुष एकटे जात असतील तर त्यांनी भाजणाऱ्यांजवळ उभं राहावं. काड्या सारायला नेहमीच एक माणूस कमी पडतो आणि "भाऊ, तेवढ्या काड्या द्या" ही हाक दोन मिनिटांत येते.

परतीचं जेवायच्या आधीच विचारून ठेवा. जेवण झाल्यावर गाड्या भराभर निघतात. मी कांदा चिरतानाच भाचीला विचारलं होतं, तिच्या भावाच्या गाडीत मागे एक जागा होती.