आठवड्याचा ताळा

पगारदार माणसाचा पगार महिन्याचा असतो आणि जगणं आठवड्याचं. पैसे एका तारखेला एकरकमी येतात, जातात मात्र वारावारांनी. सोमवार ते शुक्रवार एका चालीने, शनिवार-रविवार भलत्याच. म्हणून दर आठवड्याला ‘ठरवले किती आणि गेले किती’ हे पाहायला बसलं की पहिली पंचाईत होते ती गणिताची. महिन्याचे आठवडे किती? सगळे बिनदिक्कत सांगतात, चार. चार आठवडे बरोब्बर मावणारा महिना एकच, तो म्हणजे फेब्रुवारी, आणि तोही लीप वर्षात हात वर करतो. बाकीच्या महिन्यांत चार आठवडे संपले तरी दोन-तीन दिवस उरतात. महिन्याचा खर्च चाराने भागून आठवड्याचा आकडा काढला, तर आकडे तंतोतंत पाळूनही त्या उरलेल्या दिवसांच्या वाट्याला काहीच येत नाही. महिनाअखेरीची सगळीच चणचण उधळपट्टीतून येत नाही, थोडी या भागाकारातूनही येते.

त्यामुळे मी आठवड्याचा आकडा काढतच नाही. मी दिवसाचा काढतो आणि सातने गुणतो.

रकमा सांगत बसण्यापेक्षा पगाराचे १०० भाग धरू. त्यातले ६० भाग घरभाडं, हप्ते, फी, बचत अशा ठरलेल्या बाबींचे. हे आपापल्या तारखेला आपणहून खात्यातून जातात. आणखी १० भाग वर्षातून एकदा-दोनदा दारात उभ्या राहणाऱ्या खर्चांसाठी, विम्याचा वार्षिक हप्ता वगैरेंसाठी, दरमहा बाजूला पडतात. उरले ३० भाग. आठवड्याला बघायचे ते एवढेच. ज्या आठवड्यात भाडं गेलं तो आठवडा वाईट आणि ज्यात गेलं नाही तो चांगला, असल्या निष्कर्षाला काही अर्थ नाही. भाड्याला ‘किती झालं?’ विचारायचं नसतं, ‘गेलं का?’ एवढंच विचारायचं. महिना ३० दिवसांचा धरला तर हिशेब सोपा आहे. दिवसाला एक भाग, आठवड्याला सात.

आता पहिला आठवडा बघा. ठरवले होते ७, गेले १२. घरात शांतता पसरते. कोणीतरी फोन खाली ठेवून दुसरीकडे बघू लागतं. पण नोंदी वाचल्या की कळतं, त्या १२ मधले ८ भाग महिन्याचं घरसामान एकदम भरल्याचे आहेत. ते सामान तीस दिवस पुरणार आहे, सात दिवसांत कोणी संपवणार नाही. तेव्हा ते ८ आधी वेगळे काढायचे. मग ३० मधले २२ उरतात, म्हणजे दिवसाला पाऊण भागाला किंचित कमी आणि आठवड्याला पाचाच्या किंचित वर. सामान सोडून पहिल्या आठवड्यात गेले फक्त ४. म्हणजे ज्या आठवड्यावर तोंडं पडली होती, तो चांगला काटकसरीचा निघाला.

दुसऱ्या आठवड्यात गेले साडेसहा. सातच्या आत आहेत, सगळे खूश. खरं तर काळजी करायची ती इथे, कारण सामान आधीच भरलेलं आहे आणि या आठवड्याची मर्यादा आता सात नाही, पाच-सव्वापाच आहे. याच वेगाने उरलेले सोळा दिवस गेले तर पंधराच्या आसपास लागतील, आणि हातात आहेत साडेअकरा. पहिल्या आठवड्याने उगाच घाबरवलं आणि दुसऱ्याने उगाच पाठ थोपटली. आठवड्याचा आकडा एकटा वाचला की हे असं होतं.

दोन्ही आठवडे एकत्र धरले तर चित्र शांत होतं. चौदा दिवसांत साडेअठरा गेले, सोळा दिवसांना साडेअकरा उरले, म्हणजे दिवसाला पुन्हा पाऊण भागाला जरा कमी. जिथे असायला हवं होतं जवळजवळ तिथेच आहोत. म्हणून माझ्या वहीत ‘या आठवड्यात किती’ या रकान्याशेजारी ‘आजपर्यंत किती’ आणि ‘उरलेल्या दिवसांना रोज किती’ असे दोन रकाने असतात. तिन्हींत मला तिसराच आवडतो. पहिले दोन झालेल्या गोष्टींबद्दल बोलतात, तिसरा उद्याबद्दल.

तरीही त्या साडेसहाची चौकशी व्हायलाच हवी. माझ्या मते आठवड्याच्या बैठकीचं खरं काम हेच आहे, आणि फरक किती यापेक्षा तो कुठल्या जातीचा हे तिथे ठरतं. घरसामानाचा फरक वेळेचा होता. खर्च ठरलेलाच होता, फक्त आधी झाला. अशा फरकाला काही करायचं नसतं, तो पुढच्या आठवड्यांत आपोआप विरघळतो. साडेसहामधले २ भाग दुरुस्तीचे निघाले असं समजा. ते एकदाचे, ते पुढच्या आठवड्यात येणार नाहीत. उरलेले साडेचार मर्यादेच्या आतच आहेत, तेव्हा चाल बिघडलेली नाही. मात्र तेच २ भाग रोज थोडे थोडे जास्त गेले असते, तर प्रकरण निराळं होतं. तो फरक सवयीचा, आणि तो पुढच्या आठवड्यात न बोलावता येतो. रक्कम तीच, पण एक दुर्लक्ष करण्याजोगी आणि दुसरी दखल घेण्याजोगी.

‘एकदाचा खर्च’ या शब्दांवर मात्र माझा फार विश्वास नाही. या महिन्यात दुरुस्ती, पुढच्या महिन्यात आजारपण, त्याच्या पुढे कुणाचं तरी लग्न. प्रत्येक खर्च आयुष्यात एकदाच येतो हे खरं, पण त्यांची रांग कधी तुटत नाही. ‘हे काही नेहमीचं नाही’ म्हणून हिशेबातून वगळलेल्या सगळ्या रकमा सहा-सात महिने एका पानावर लिहून काढाव्यात. बेरीज बहुतेक वेळा इतकी नेमाने येते की तिला ‘अधूनमधून’ अशी स्वतःची ओळ आणि स्वतःची तरतूद द्यावीच लागते.

हे सगळं महिनाअखेरीला का करू नये? कारण तोवर आठवत नाही. खात्याच्या उताऱ्यात दुकानाच्या पाटीवरचं नाव असेलच असं नाही. पुष्कळदा तिथे मालकाच्या कंपनीचं, कधीही न ऐकलेलं नाव येतं. आठ दिवसांपूर्वीचं असेल तर ‘अरे हां, ते’ असं होतं. पाच आठवड्यांपूर्वीचं असेल तर दोघंही एकमेकांकडे संशयाने बघतात. रोज बघण्यातही राम नाही. एका दिवसाचा आकडा कधी शून्य असतो आणि कधी डोळे पांढरे करतो, त्यातून चाल कळत नाही. वार कुठला हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण शनिवार-रविवार दोन वेगळ्या आठवड्यांत तुटू नयेत एवढं पाहावं. मला सोमवार बरा वाटतो. मोठे खर्च होऊन गेलेले असतात आणि कोणाचाच मूड तसाही चांगला नसतो.

विचारायचं कसं, हेही महत्त्वाचं. “अगं, या आठवड्यात एवढे कसे गेले?” असं विचारलं की समोरून हिशेब येत नाही, बचाव येतो, आणि पाठोपाठ तुमच्या मागच्या महिन्यातल्या खरेदीची आठवणही करून दिली जाते. “यातलं पुढच्या आठवड्यात पुन्हा काय येणार?” असं विचारलं की माहिती मिळते. दुसऱ्या प्रश्नात आरोपी नसतो. हा काही शिष्टाचाराचा मुद्दा नाही. ज्याला झापलं जातं तो पुढच्या वेळी नोंद करायची विसरतो, आणि नोंद नसली की बैठक कसली!

फसगतीच्या दोनच जागा सांगतो. पहिली क्रेडिट कार्डाची. कार्डाने घेतलेली वस्तू घेतली त्या दिवशीच खर्चात धरायची. पुढे कार्डाचं बिल भराल तेव्हा तो खर्च नसतो, जुनी देणी फेडणं असतं. दोन्ही लिहिले तर एकच वस्तू दोनदा विकत घेतल्यासारखी दिसते. फक्त बिल लिहिलं, तर या आठवड्याचा मोह पुढच्या महिन्याच्या माथी बसतो आणि चालू आठवडा सोवळा राहतो. दुसरी जागा रोख रकमेची. मशीनमधून पैसे काढले म्हणजे ते खर्च झाले असं नाही, ते खात्यातून खिशात आले एवढंच. म्हणून शेवटी ताळा करून बघायचा. मागच्या आठवड्याची शिल्लक, खिशातली धरून, अधिक आलेले, वजा गेलेले. आलेला आकडा आजच्या शिलकीशी जुळला पाहिजे. कार्ड वापरलं असेल तर त्यावरचं देणं दोन्ही वेळच्या शिलकीतून आधी वजा करायचं, नाहीतर ताळा कधीच जमणार नाही. किरकोळ फरक ‘किरकोळ’ म्हणून लिहून टाकावा, त्यासाठी रात्र जागवू नये. तो पुन्हा पुन्हा एकाच बाजूला, म्हणजे कमीच्या बाजूला, येत असेल तर मात्र एखादा खर्च नोंदीतून कायमचा निसटतो आहे. बहुधा दरमहा आपोआप कापली जाणारी कसली तरी वर्गणी असते, जिच्यासाठी आपण कधी होकार दिला होता तेही विसरलेलो असतो.

आठवड्यात पैसे उरले तर काय, हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण त्याचं उत्तर मन आधीच देऊन मोकळं झालेलं असतं. २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या रिचर्ड थेलर यांनी दाखवून दिलं की माणूस मनातल्या मनात पैशांची वेगवेगळी खाती उघडतो आणि सारख्याच रकमेला खात्याप्रमाणे वेगळं वागवतो. ‘या आठवड्याचे उरलेले’ हे असंच एक खातं. त्यातले पैसे फुकटात आल्यासारखे वाटतात. वास्तविक पहिल्या आठवड्यात ४ गेले आणि एकाहून थोडा जास्त भाग उरला, तो दुसऱ्या आठवड्यातल्या दुरुस्तीने निमूट गिळला. तो मौजेत गेला असता, तर दुरुस्तीसाठी कार्ड काढावं लागलं असतं.

एका बाबतीत मी हट्टी आहे. महिना चालू असताना ‘ठरवलेलं’ या रकान्यातला आकडा खोडायचा नाही. खर्च वाढला की योजना वाढवायची, म्हणजे फरक शून्य, असा मोह फार होतो, कारण वहीला रबर लागत नाही आणि एक्सेलला तर डागही पडत नाही. बदल करायचा तर शेजारी ‘सुधारित’ नावाचा नवा रकाना घ्यावा आणि जुना आकडा आहे तसा राहू द्यावा. लागोपाठ तीन महिने एकाच ओळीत एकाच दिशेचा फरक आला, तर चूक बहुतेक वेळा खर्च करणाऱ्याची नसते, मुळात ठरवलेला आकडाच इच्छेतून आलेला असतो. तो पुढच्या पगाराच्या दिवशी बदलावा, आणि तेवढेच भाग दुसऱ्या कुठल्या ओळीतून काढायचे तेही तेव्हाच ठरवावं. बेरीज काही १०० च्या वर जात नाही.