नवी ड्राइव्ह बसवली आणि जुनी दिसेनाशी झाली

आईच्या शिकवणीचे सगळे पेपर आमच्या घरच्या डेस्कटॉपवर असतात. जागा संपत आली म्हणून लॅमिंग्टन रोडवरून एक एनव्हीएमई एसएसडी आणली आणि मदरबोर्डच्या मोकळ्या एम डॉट टू खाचेत बसवली. विंडोज जुन्या, केबलने जोडलेल्या साटा एसएसडीवरच ठेवायचं होतं. पॉवर दिली तर काळ्या पडद्यावर एकच ओळ: `No bootable device`.

आई घाबरली, "अरे, माझे पेपर गेले का?" या ओळीवरून तसं अजिबात ठरत नाही. तिचा अर्थ एवढाच, की बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामला, जिथून विंडोज सुरू करता येईल असं काही सापडलं नाही. म्हणून तिथे घाईने फॉरमॅट किंवा नवं विंडोज टाकू नये.

रीस्टार्ट करून लगेच डिलीट दाबत राहिलो आणि बायोसमध्ये शिरलो. बरेच जण इथे थेट बूट ऑर्डर बदलायला जातात. मी आधी स्टोरेजची यादी उघडली, कारण बूट ऑर्डर म्हणजे फक्त क्रम, कुठे आधी शोधायचं आणि कुठे नंतर. जी ड्राइव्ह बायोसला दिसतच नाही, तिला त्या क्रमात वर आणणार कशी? यादीत नवी एसएसडी होती, पण ती कोरी. जुनीचं नावच नव्हतं. बूटच्या पानावरून `Windows Boot Manager` ही नोंदही गेली होती.

जुन्या एसएसडीची केबल दोन्ही टोकांना घट्ट होती. मग मदरबोर्डचं मॅन्युअल काढलं, आणि उत्तर साटाच्या तक्त्याखालच्या बारीक टिपेत होतं: ही एम डॉट टू खाच वापरात असेल तर ५ नंबरचा साटा पोर्ट बंद राहतो. दोघांची वाट आत एकच असते. जुनी एसएसडी नेमकी त्याच पोर्टवर होती. सगळ्या बोर्डांवर असं नसतं आणि पोर्टचे नंबरही वेगळे असतात, त्यामुळे आपल्याच मॉडेलचं मॅन्युअल पाहावं.

पॉवर बंद केली, प्लग काढला, केबल २ नंबरच्या पोर्टवर नेली. आता यादीत दोन्ही ड्राइव्ह दिसल्या आणि `Windows Boot Manager` परत आला. तो पहिल्या क्रमांकावर आणून सेव्ह केलं, विंडोज उघडलं. पेपर होते तिथेच होते.

दोन्ही ड्राइव्ह दिसूनही तीच ओळ आली असती, तर मग मी क्रम तपासला असता, आणि त्यानंतर बूट मोड. जीपीटी या पार्टिशनच्या नव्या पद्धतीच्या डिस्कवरचं विंडोज यूईएफआय या नव्या बूट मोडमध्येच सुरू होतं, बायोस जुन्या लेगसी मोडवर गेला असेल तर नाही.

नवी एसएसडी अजून `This PC` मध्ये दिसत नव्हती, कारण तिच्यावर पार्टिशनच नव्हतं. `diskmgmt.msc` उघडून, आकारावरून तीच आहे याची खात्री करून तिला जीपीटी केलं, पार्टिशन पाडलं, आणि आईने दहावीचं फोल्डर तिकडे हलवायला घेतलं.